तीन खिडक्या की चार?

तासाला 40 माणसं येतात. एकाचं काम उरकायला सरासरी 4 मिनिटं लागतात. खिडक्या किती हव्यात?

तालुक्याच्या गावातली एक बँक शाखा डोळ्यांसमोर आणा. महिन्याचा पहिला आठवडा, सकाळी 10 ते 12 ची वेळ. पेन्शनर आहेत, पगाराचे पैसे काढायला आलेले शिक्षक आहेत, दुकानाचा भरणा घेऊन आलेला पोऱ्या आहे. शाखा काल्पनिक आहे आणि आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ठरवलेले आहेत, पण अशी शाखा शोधायला कुणाला लांब जावं लागणार नाही.

पहिला हिशेब शाळेतला. 40 माणसं गुणिले 4 मिनिटं म्हणजे तासाला 160 मिनिटांचं काम. एक खिडकी तासाला 60 मिनिटं देते. 160 भागिले 60 म्हणजे 2.67. पावणेतीन खिडक्या काही उघडता येत नाहीत, म्हणून तीन. तीन खिडक्यांची 180 मिनिटं, काम 160 मिनिटांचं, वर 20 मिनिटं शिल्लक. मॅनेजर निर्धास्त. आणि तरीही अकरा वाजता हॉलमध्ये माणसं उभी, कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी टोकन हातात चुरगाळत बसलेलं. लोक म्हणतात कर्मचारी कामचुकार आहेत, कर्मचारी म्हणतात लोकांना धीर नाही. बहुतेक वेळा दोघांचंही म्हणणं चुकीचं असतं. गोम त्या भागाकारात आहे.

तासाला 40 म्हणजे दर दीड मिनिटाला एक, असं माणसं कधी येत नाहीत. वडाप येऊन थांबते आणि पाच जण एकदम आत शिरतात, मग काही मिनिटं दाराकडे कुणी फिरकत नाही. प्रत्येक जण आपल्या सोयीने, दुसऱ्याला न विचारता येत असेल तर या येण्याचा हिशेब संभाव्यतेच्या गणिताने मांडता येतो. सहा मिनिटांचा तुकडा घ्या. त्यात सरासरी 4 माणसं यायला हवीत, आणि तीन खिडक्या तेवढ्या वेळात साडेचार माणसं उरकतात. पण दर नऊ तुकड्यांपैकी एकात 7 किंवा त्याहून जास्त माणसं येतात. जवळजवळ तेवढ्याच वेळा फक्त एखादं माणूस येतं किंवा कुणीच येत नाही. त्या रिकाम्या तुकड्यात कॅशियर हात बांधून बसतो आणि ती मिनिटं फुकट जातात, कारण ती पुढच्या गर्दीसाठी साठवून ठेवता येत नाहीत. गर्दीच्या तुकड्यातली माणसं मात्र साठतात. रांग तयार होते ती या असमतोलातून. ती 20 मिनिटं कागदावर शिल्लक असतात, गरज पडते तेव्हा हाताशी नसतात.

हे सगळ्यात आधी नीट मांडलं ते बँकेसाठी नव्हे, टेलिफोनसाठी. आग्नर क्रारुप एर्लांग हा डॅनिश गणिती 1908 मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत रुजू झाला. कंपनीपुढचा प्रश्न होता तो असा: कॉल कधी येतील ते सांगता येत नाही, बोलणं किती वेळ चालेल तेही सांगता येत नाही, मग किती लाइनी टाकायच्या? 1909 मध्ये त्याने कॉल येण्याचं गणित मांडलं आणि 1917 मध्ये आजही वापरात असलेली सूत्रं दिली. लाइनीच्या जागी खिडकी आणि कॉलच्या जागी माणूस ठेवलं की तेच सूत्र बँकेला लागू पडतं. ‘2.67 खिडक्यांइतकं काम’ असं आपण वर म्हटलं, त्या मापालाच पुढे एर्लांग हे नाव मिळालं. आपल्या शाखेवर 2.67 एर्लांगचा भार आहे.

सूत्र इथे सोडवत बसत नाही, स्प्रेडशीटमध्ये ते चार-पाच ओळींत बसतं. उत्तरं मात्र पाहण्यासारखी आहेत. तीन खिडक्या ठेवल्या तर नंबर लागेपर्यंत सरासरी साडेनऊ मिनिटं थांबावं लागतं, आणि दर तिघांपैकी एकाला 10 मिनिटांहून जास्त. चौथी खिडकी उघडली की सरासरी सव्वा मिनिटाच्या आत येते, आणि 10 मिनिटांहून जास्त थांबणारे शंभरात एक-दोनच उरतात. पाचवी उघडली तर सरासरी 17 सेकंद. चौथ्या खिडकीने आठ मिनिटं वाचवली, पाचवीने एक मिनिटसुद्धा नाही. पाचव्या खिडकीसाठी कुणी भांडू नये.

पण चौथीसाठी भांडावं का? ते ठरवण्याआधी सूत्राचा स्वभाव ओळखायला हवा. तीन खिडक्या कायम ठेवून माणसं थोडी कमी-जास्त करून पाहू. तासाला 36 आली तर थांबणं सव्वाचार मिनिटं. 40 आली तर साडेनऊ. 44 आली तर सत्तावन्न! चार माणसं वाढली तेव्हा पाच मिनिटं वाढली, पुढची चार वाढली तेव्हा पाऊण तासाहून जास्त. तीन खिडक्यांची शिकस्त तासाला 45 माणसांची आहे. त्या कड्याच्या जितकं जवळ जाल तितकी रांग चढत्या वेगाने वाढते. (हा 57 चा आकडा दोन तासांत प्रत्यक्ष गाठला जात नाही. गर्दी दिवसभर तशीच राहिली असती तर रांग तिथे जाऊन स्थिरावली असती, असा त्याचा अर्थ. 12 नंतर ओघ कमी होतो, म्हणून आपण वाचतो.) खिडक्या 98 टक्के वेळ कामात आहेत हे वरिष्ठ कार्यालयाच्या अहवालात छान दिसतं. हॉलमध्ये त्याचाच अर्थ तासभर रांग असा होतो. माझं मत विचाराल तर कॅशियर गर्दीच्या वेळी सरासरी 70 ते 80 टक्के गुंतलेला असावा. त्याहून जास्त गुंतला की त्याचा वेळ वाचतो आणि गावाचा जातो.

आता आकडे आणायचे कुठून? चूक सर्वात जास्त इथेच होते. तासाला किती माणसं येतात हे मोजायचं म्हणून शाखेतले लोक कॉम्प्युटरमधल्या व्यवहारांची यादी काढतात. त्या यादीत तासाला 43, 44, 45 असे आकडे दिसतात आणि 45 च्या वर क्वचितच काही दिसतं. दिसणार कसं? तीन खिडक्यांतून 45 च्या वर माणसं उरकतच नाहीत. ही यादी किती माणसं बाहेर पडली ते सांगते, किती आत आली ते नाही. जी रांग बघून परत गेली, ‘उद्या येतो’ म्हणाली, ती तर कुठेच नोंदली जात नाहीत. येणारी माणसं दारात मोजावी लागतात. टोकन मशीन असेल तर टोकन कधी फाडलं ती वेळ घ्यायची, आणि नंबर पुकारल्यावर कुणी न आलेली टोकनंही जमेस धरायची. मशीन नसेल तर शिपायाने दारापाशी वही घेऊन दर दहा मिनिटांना खुणा केल्या तरी पुरे. एका दिवसावर मात्र जाऊ नये. पहिल्या आठवड्यातला सोमवार आणि तिसऱ्या आठवड्यातला बुधवार या दोन वेगळ्या शाखा असल्यासारखे असतात.

एका माणसाला किती वेळ लागतो हे मोजतानाही अशीच फसगत होते. कॉम्प्युटरमध्ये रक्कम टाकल्यापासून एंट्री होईपर्यंतचा वेळ एखाद मिनिट निघतो. पण खिडकीशी उभं राहून बघा. आजोबा पिशवीतून पासबुक काढतात, पासबुकातून स्लिप. स्लिपवर तारीख नाही. कॅशियर ती आत घेऊन स्वतः लिहितो. सही जुळत नाही, मग पुन्हा एक सही. रक्कम पडते, नोटा मशीनमधून फिरतात, आजोबा त्या खिडकीतच पुन्हा मोजतात, ‘शंभराच्या सुट्या द्या’ म्हणतात, आणि निघता निघता पासबुक भरून घेतात. हे सगळं खिडकी अडवून ठेवतं, म्हणून सगळं मोजायचं: एक नंबर पुकारल्यापासून पुढचा नंबर पुकारेपर्यंत. ‘सर्व्हर गेलाय’ म्हणून काम थांबलं तर ती मिनिटंसुद्धा.

मोजमाप बरोबर झालं की नाही हे ताडून बघायची एक सोपी युक्ती आहे. अमेरिकन संशोधक जॉन लिटल याने 1961 मध्ये एक नियम सिद्ध केला, L = λW. थांबलेल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचं सरासरी थांबणं. येणं कसंही असो, काम कसंही असो, हा नियम टिकतो. मॅनेजरने सकाळभरात अधूनमधून केबिनबाहेर येऊन फक्त डोकी मोजावीत. थांबलेली सरासरी 10 निघाली आणि तासाला 40 येत असतील, तर थांबणं पाव तासाचं. आपल्या सूत्राप्रमाणे तीन खिडक्यांना सहा-साडेसहा डोकी दिसायला हवीत. दहा दिसली तर सूत्राला दिलेल्या आकड्यांत काहीतरी निसटलंय.

काय निसटलं असेल? सर्वात आधी शंका घ्यावी ती दहा वाजताच्या शटरवर. एर्लांगच्या हिशेबात माणसं आपापल्या वेळी सुटी-सुटी येतात. पण पेन्शनच्या दिवशी शटर वर जाण्याआधीच 25 जण बाहेर उभे असतात. ते आत आले की तासाला 40 चा ओघ सुरूच, आणि तीन खिडक्या तासाला उरकतात 45. म्हणजे साठलेली रांग तासाला फक्त पाचने घटते. 25 माणसांचा साठा संपायला पाच तास! बारा वाजता हॉलमध्ये 15 माणसं अजून आहेतच, आणि 10 वाजून 5 मिनिटांनी आलेला माणूस अर्धा तास उभा. चार खिडक्या असतील तर तासाला 20 ने घट, सव्वा अकराला हॉल मोकळा. कॅशियर वीस मिनिटं चहाला उठला तरी हेच होतं: त्या वीस मिनिटांत साधारण तीन माणसं साठतात, आणि ती उतरायला पुढची चाळीस मिनिटं जातात.

यावरून कुणी म्हणेल, चार खिडक्या हव्यात, विषय संपला. पण चौथी खिडकी म्हणजे नुसती खुर्ची नव्हे. सकाळी तिजोरीतून आणखी एका गल्ल्याची रोकड काढायची, संध्याकाळी आणखी एक मेळ बसवायचा, आणि त्यासाठी खाती उघडणाऱ्या टेबलावरचा माणूस उठवायचा. म्हणून आधी त्या 160 मिनिटांत काय काय भरलंय ते उलगडून पाहावं.

समजा 40 पैकी 36 जणांचं काम सरासरी 3 मिनिटांचं आहे: पैसे काढणं, किरकोळ भरणा, पासबुक. उरलेले चार जण मोठा भरणा घेऊन येतात. पेट्रोल पंप, किराणा, मेडिकल, दूध संस्था. दहा-वीस-पन्नासच्या नोटांच्या गड्ड्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या, मशीन मध्येच थांबतं, पुन्हा मोजणी. एकेकाला 13 मिनिटं. आता बेरीज करा: 36 गुणिले 3 म्हणजे 108, 4 गुणिले 13 म्हणजे 52. एकूण 160. दहातला एक माणूस एक तृतीयांश काम घेऊन येतो.

हे चार जण सकाळच्या दोन तासांतून दुपारकडे वळवले तर काय होईल? तासाला 36 माणसं, 3 मिनिटं, तीन खिडक्या. भार 2.67 वरून 1.8 वर. सूत्र सांगतं, थांबणं 53 सेकंद. चौथी खिडकी न उघडता चार खिडक्यांपेक्षा चांगलं उत्तर! शटरबाहेरच्या 25 जणांचाही निकाल लागतो: तीन खिडक्या आता तासाला 60 उरकतात, येतात 36, त्यामुळे साठा तासाभरात संपतो. दोन तासांचे मिळून आठ भरणे दुपारी घ्यायचे, 104 मिनिटांचं काम. तेव्हा तिसरी खिडकी फक्त भरण्यासाठी ठेवायची आणि प्रत्येकाला वेळ ठरवून द्यायची. ठरलेल्या वेळी येणाऱ्यांची रांग लागत नाही. राहिलेल्या गर्दीला, तासाला 16 माणसं आणि सरासरी 4 मिनिटं धरली तरी, दोन खिडक्या पुरतात. थांबणं दीड मिनिट.

एक मोह टाळायला हवा. सकाळीच तीनपैकी एक खिडकी भरण्याला देऊन टाकली तर? वाटतं सोयीचं, पण उरलेल्या दोन खिडक्यांवर 120 मिनिटांत 108 मिनिटांचं काम येतं, म्हणजे 90 टक्के भार, आणि पुन्हा कड्यावर. भरण्याची खिडकी रिकामी बसली तरी ती बाकीच्यांना घेत नाही. खिडक्या कामानुसार वाटून टाकल्या की अंगातली लवचिकता जाते. हेच रांगेचंही. तीन खिडक्यांसमोर तीन वेगळ्या रांगा आणि माणसं डोळे मिटून कुठल्याही एकीत उभी, असं धरलं तर आपल्या मूळ आकड्यांनी थांबणं 32 मिनिटांवर जातं. एकाच रांगेतून, किंवा एकाच टोकन क्रमाने, तेच साडेनऊ. प्रत्यक्षात माणसं या रांगेतून त्या रांगेत उड्या मारतात, त्यामुळे फरक इतका मोठा राहत नाही. पण उड्या मारायला लावणं हीही एक शिक्षाच. शिवाय एका रांगेत मागून आलेला पुढे जात नाही, आणि बँकेतली अर्धी भांडणं त्यावरूनच होतात.

आता मागच्या टेबलाकडे बघा. ठरावीक रकमेच्या वरच्या व्यवहाराला अधिकाऱ्याचं पासिंग लागतं. सकाळी पासिंगला एकच अधिकारी असेल आणि तो केबिनमध्ये कर्जाच्या माणसाशी बोलत असेल, तर तिन्ही खिडक्यांवर माणूस समोर उभा असतो, कॅशियर मागे वळून बघत असतो, आणि काम पुढे सरकत नाही. अशा वेळी खरी रांग अधिकाऱ्याच्या टेबलावर असते, ती फक्त खिडकीपाशी दिसते. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच वेळी दोन-तीन खिडक्या थबकतात आणि एकदमच सुटतात. तिथे चौथी खिडकी उघडून काडीचा फरक पडणार नाही. दुसऱ्या कुणाला सकाळचे दोन तास पासिंगचे अधिकार द्यावे लागतील.

म्हणून या शाखेला माझं उत्तर असं: 10 ते 12 तीन खिडक्या, एकच टोकन क्रम, मोठे भरणे दुपारी, चहाची सुट्टी 12 नंतर. चौथा गल्ला तयार ठेवायचा, पण शटरबाहेर साठ-सत्तर माणसं दिसतील त्या दिवसासाठीच. असे दिवस आधी कळतात. लाडकी बहीण योजनेचा हप्ता जमा झाल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी कोण येणार हे सांगायला सूत्र लागत नाही.

नोव्हेंबर मात्र फसवा महिना आहे. पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. 2014 पासून जीवन प्रमाणमुळे तो घरबसल्या किंवा सुविधा केंद्रातून देता येतो, तरी तालुक्याच्या गावात खूप जण बँकेतच येतात. माणसांची संख्या फार वाढत नाही, म्हणून दाराशी मोजणाऱ्याला काही वेगळं दिसत नाही. वाढतो तो एकेकाचा वेळ. त्या 36 पैकी 10 जणांनी पैसे काढता काढता खिडकीवरच दाखलाही मागितला आणि अंगठा मशीनवर उमटेना म्हणून प्रत्येकाची 5 मिनिटं गेली, तर 108 मिनिटांचं काम 158 वर जातं आणि 53 सेकंदांचं थांबणं नऊ मिनिटांवर. दाखल्याचं टेबल त्या महिन्यात खिडक्यांपासून दूर, दारापाशी मांडावं, आणि तिथे बसणाऱ्याला रोकड हाताळता येत नसली तरी चालेल.